मांडलेला माल आणि मोजलेला माल

जबेल अलीच्या एका गोदामात 31 डिसेंबरची मोजणी चालली आहे असे समजू. माल विजेच्या तारेचा, 2.5 चौरस मिलिमीटर, लाल रंगाची. मोजणाऱ्यांनी 500 बंद रोल आणि कापून उरलेली 280 मीटर तार कागदावर लिहिली. ईआरपीत रोलचे 100 मीटर धरलेले आहेत, म्हणून मोजलेला माल झाला 50,280 मीटर. पुस्तकी साठा मात्र 29,600 मीटर. म्हणजे 20,680 मीटरचा वाढावा.

तूट निघाली असती तर गोदामात धावपळ झाली असती. वाढावा निघाला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. लेखा विभाग फरकाची नोंद टाकतो, साठा वाढतो, नफाही वाढलेला दिसतो आणि वर्ष बंद होते. या गोदामात ते चूक ठरले असते, कारण इथे खरा वाढावा एक मीटरचाही नाही. या आकड्याखाली तीन वेगळ्या चुका आणि एक छोटी खरी तूट दडलेली आहे. नमुना समजण्यासाठी मांडलेला असला तरी त्यातल्या चुका आखाती गोदामांत नेहमी भेटतात. पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचा आढावा याच उदाहरणाच्या आधाराने घेऊ.

फरक तीन जातींचा

साठ्यातील फरकांच्या कारणांच्या लांबलचक याद्या मिळतात, पण कामाच्या दृष्टीने त्या तीन जातींत बसतात. पहिली जात वेळेची: माल हलला, पण त्याची नोंद त्याच वेळी झाली नाही. दुसरी एककाची: नोंद झाली, पण चुकीच्या मापात. तिसरी जागेची: माल आहे, नोंदही आहे, पण दोघे वेगवेगळ्या ठिकाणी बसले आहेत. या तिन्ही बाजूला काढल्यावर जे उरते ती खरी तूट. त्यात कापताना गेलेली तार, मोडतोड, चोरी किंवा नोंदीविना वापरलेला माल येतो.

या जाती कोणत्या क्रमाने तपासायच्या हेही महत्त्वाचे आहे. आधी वेळ, मग जागा, मग एकक आणि शेवटी पुन्हा मोजणी. वेळेचा फरक सहसा आकाराने सर्वांत मोठा असतो, आणि तो काढल्याशिवाय एककाचा फरक दिसतच नाही. आपल्या नमुन्यात तसेच आहे. 20,680 मीटरच्या वाढाव्यामागे एककाची चूक पूर्ण झाकली गेली आहे.

न नोंदलेली आवक

आखातात खरेदीच्या आदेशाला सगळे एलपीओ म्हणतात. गाडी एलपीओचा माल आणि डिलिव्हरी नोट घेऊन येते. स्टोअरकीपर माल मोजून सही-शिक्का देतो आणि माल रॅकवर चढतो. गोदामाच्या दृष्टीने आवक इथे पूर्ण झाली. ईआरपीच्या दृष्टीने ती अजून झालेलीच नाही. सॅपमध्ये MIGO मधून आवक नोंदवून साहित्य-दस्तऐवजाचा क्रमांक मिळेपर्यंत साठ्यात एक मीटरही वाढत नाही.

मधली नोंद का अडते? एलपीओला वरिष्ठांची मंजुरी बाकी असते. कधी आलेला माल एलपीओपेक्षा जास्त असतो आणि प्रणाली जादा स्वीकारत नाही. कधी आदेश एका कोडचा असतो आणि पुरवठादार पर्यायी माल पाठवतो. कधी डिलिव्हरी नोट चालकाच्या किंवा स्टोअरकीपरच्या फाइलमध्येच राहते. गोदामातला माणूस यात आळशी नसतो. प्रणालीने त्याला थांबवलेले असते आणि गाडी उभी ठेवणे त्याला परवडत नाही.

अशा फरकाची खूण म्हणजे तो एखाद्या डिलिव्हरी नोटच्या आकड्याशी नेमका जुळतो. आपल्या नमुन्यात गेटबुक पाहिले तर 30 डिसेंबरला 150 रोल आत आल्याची नोंद सापडते. त्या एलपीओवर आवक शून्य. म्हणजे पुस्तकात 15,000 मीटर कमी आहेत. मोजणीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही दिवसांचे गेटबुक प्रणालीतल्या आवक-जावक नोंदींशी ओळीने ताडून पाहणे हे मेळ घालण्याचे पहिले काम आहे. ते संगणकापुढे बसून होत नाही. जी नोंद झालीच नाही ती कोणत्याही अहवालात सापडणार नाही, ती फक्त कागदावर सापडते.

उलटी बाजूही पाहावी लागते. या 500 रोलपैकी 60 रोल वेगळे रचलेले होते. त्यांचे बिल 31 तारखेला झाले, माल गेल्याची नोंदही पडली, पण ग्राहकाची गाडी 2 जानेवारीला येणार होती. मोजणाऱ्याने ते मोजले. त्याचे चुकले नाही, त्याला दिसले ते त्याने लिहिले. पण बिल झाले म्हणून माल आपला नाही असे आपोआप ठरत नाही. मालावरचा ताबा कधी ग्राहकाकडे जातो हे करार सांगतो. इथे करारानुसार तो गेला होता, म्हणून 60 रोल आपल्या मोजणीतून वजा होतात.

वेळेच्या जातीत अमिरातींमधल्या भारतीय कंपन्यांना एक खास अडचण येते. दुबईची घड्याळे भारताच्या दीड तास मागे आहेत. सर्व्हर पुण्यात किंवा मुंबईत असेल आणि भारतीय वेळेवर चालत असेल, तर दुबईत 31 डिसेंबरला रात्री साडेदहानंतर केलेल्या नोंदीवर प्रणाली आपणहून 1 जानेवारी ही तारीख टाकते. मोजणीच्या रात्री लोक उशिरापर्यंत नोंदी करतात, त्यामुळे हा सापळा नेमका त्याच रात्री मिटतो. नोंदीची तारीख हाताने तपासावी लागते. शिवाय नोंद खरोखर केव्हा केली आणि ती कोणत्या दिवसाच्या नावावर टाकली, या दोन तारखा निराळ्या असतात. सॅपमध्ये पहिली CPUDT आणि दुसरी BUDAT. मागाहून जुन्या तारखेला टाकलेल्या नोंदी अशा निघतात:

```sql
SELECT MBLNR, BUDAT, CPUDT
FROM MKPF
WHERE BUDAT <= '20241231'
  AND CPUDT >  '20241231';
```

या यादीतली प्रत्येक ओळ मोजणीनंतर साठ्याचा आकडा बदलते. त्यातली प्रत्येक ओळ चूक असतेच असे नाही, पण प्रत्येकीमागे कागद असायला हवा.

माल आहे, पण दुसऱ्या घरात

जागेचा फरक दोन गोदामांच्या बेरजेत नाहीसा होतो, हीच त्याची ओळख. जबेल अलीत तूट आणि मुसफ्फाच्या गोदामात तेवढाच वाढावा निघाला, तर माल गेला आहे आणि बदलीची नोंद राहिली आहे. दोन पायऱ्यांच्या बदलीत माल एका ठिकाणाहून निघतो आणि दुसरीकडे स्वीकारला जाईपर्यंत वाटेतला साठा म्हणून दिसतो. तो अहवालात धरला नाही तर खोटी तूट दिसते. गुणवत्ता तपासणीत अडकलेला किंवा रोखून ठेवलेला साठाही असाच निसटतो. मोजणाऱ्याला तो रॅकवर दिसतो, पण पुस्तकी आकडा काढणाऱ्याने फक्त मुक्त वापराचा रकाना घेतलेला असतो. जुळ्या कोडांचेही असेच होते. लाल तारेत जितकी तूट, तितकाच काळ्या तारेत वाढावा निघाला, तर रोल चुकीच्या रंगाच्या कोडावर गेला आहे.

आणखी एक खूण म्हणजे उणे साठा. आवक नोंदलेली नसताना तोच माल विकायला प्रणालीने परवानगी दिली की पुस्तकी साठा शून्याच्या खाली जातो. प्रत्यक्षात कोणत्याही रॅकवर उणे चाळीस रोल नसतात. उणे आकडा दिसला की बहुधा कुठेतरी एक आवक राहिली आहे असे समजावे. तो आकडा शून्यावर आणून गप्प करू नये. त्याच्या मागची डिलिव्हरी नोट शोधावी.

आपल्या नमुन्यात जागेचा फरक निघाला नाही असे धरू. आता वेळेच्या दोन दुरुस्त्या करून बघू. मोजणीतून 60 रोल गेले, उरले 440 रोल आणि 280 मीटर, म्हणजे प्रणालीच्या मापाने 44,280. पुस्तकात 150 रोलचे 15,000 मीटर मिळवले, झाले 44,600. वीस हजारांचा वाढावा संपला आणि त्याच्या जागी 320 मीटरची तूट उभी राहिली.

शंभर काय, मीटर की यार्ड?

इथे बहुतेक जण थांबतात. 44,600 मध्ये 320 म्हणजे पाऊण टक्क्यापेक्षा कमी. एवढा फरक चालायचाच असे म्हणून नोंद टाकली जाते. पण त्याच वेळी कोणीतरी बंद रोलवरचे लेबल वाचले तर गोष्ट बदलते.

आखाती बाजारात इमारतीच्या वायरिंगची तार सर्रास 100 यार्डांच्या रोलमध्ये मिळते. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. भारतात घरगुती तारेची 90 मीटरची गुंडाळी सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याने मास्टरमध्ये हा माल उघडला त्याने लेबलवरचे 100 वाचले आणि मूळ एकक मीटर असल्याने पुढे मीटर धरले. प्रत्येक रोलमागे पुस्तकात 8.56 मीटर जादा तार जन्माला आली. भारतातल्या मुख्यालयाचा मास्टर जसाच्या तसा दुबईत उतरवला असता तर 90 आले असते, आणि चूक उलट्या दिशेने झाली असती.

ही चूक वर्षानुवर्षे दिसत नाही, कारण रोलने घेतले आणि रोलने विकले तर दोन्ही बाजूंनी तेच चुकीचे 100 वापरले जाते आणि मेळ बसतो. रोल फोडून मीटरवर विकला तेव्हाच ती उघडी पडते. म्हणून एककाच्या चुकीची खूण ठोक आकड्यात शोधायची नसते, ती गुणोत्तरात शोधायची असते. फरक भागिले उघडलेले रोल हे दर वेळी साधारण तेच येते. खोका आणि नग यांची गल्लत असेल तर आकडा खोक्यातल्या नगांइतक्या पटीने चुकतो. किलो आणि टनाची गल्लत असेल तर तो हजारपटीने चुकतो आणि लगेच नजरेत भरतो. 100 आणि 91.44 सारखी जवळची मापे मात्र चोरीसारखी दिसतात, आणि तिथेच माणसावर अन्याय होतो.

सळईचा प्रकार याहून अवघड. ती टनाने येते आणि नगाने जाते. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई हिशेबाने सुमारे 10.66 किलोची, म्हणून दोन टनांत साधारण 188 नग. पण अमिरातींमध्ये प्रचलित असलेल्या ब्रिटिश मानक 4449 प्रमाणे 8 मिलिमीटरपेक्षा जाड सळईच्या वजनात साडेचार टक्के इकडेतिकडे चालते. इथे रूपांतराचा आकडा चुकीचा नसतो, तो मुळातच सरासरीचा असतो. अशा मालात थोडा फरक राहणारच. तो किती, हे आलेल्या बंडलांची वजनकाट्याची चिठ्ठी आणि नगांची मोजणी ताडून कंपनीने आधीच ठरवून ठेवावे. यार्डात उघड्यावर पडलेला हा माल सहामाहीच्या मोजणीत मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. मोजणी पहाटेच ठेवावी, नाहीतर ती दोन दिवसांत फाटते आणि मधल्या वेळेत माल हलतो.

रूपांतराचे सर्व आकडे एका यादीत काढून लेबलांशी ताडणे अवघड नाही:

```sql
SELECT MATNR, MEINH, UMREZ, UMREN
FROM MARM
WHERE MEINH = 'ROL';
```

इथे पर्यायी एककाला UMREZ ने गुणून UMREN ने भागले की मूळ एकक मिळते. आपल्या तारेला ते 9144 आणि 100 असायला हवेत. दुरुस्ती करताना एक मर्यादा आहे. आधी काढलेल्या एलपीओंवर जुनेच रूपांतर छापलेले असते. मास्टर सुधारला तरी ते सुधारत नाहीत. प्रत्येक उघडा आदेश स्वतंत्रपणे बदलावा लागतो, नाहीतर जानेवारीतल्या आवकीबरोबर चूक पुन्हा आत येते.

उरलेले त्रेसष्ट मीटर

आता खऱ्या मापाने हिशेब मांडू. आपले 440 बंद रोल म्हणजे 40,233.6 मीटर, त्यात 280 मीटर मिळवले की 40,513.6. पुस्तकात 44,600. फरक 4,086.4 मीटर. त्यातले 3,766.4 मीटर फक्त बंद रोलांवरच्या चुकीच्या मापाचे. तार कुठेही गेलेली नाही, ती कधी नव्हतीच. राहिले 320. मागच्या मोजणीनंतर 30 रोल फोडले गेले होते. प्रत्येकी 8.56 प्रमाणे 256.8 मीटर त्यातूनच आले. उरले 63.2 मीटर. एका रोलपेक्षाही कमी. तीस रोल कापताना गेलेले टोकांचे तुकडे आणि हाताने मोजताना ग्राहकाला दिलेली वीतभर जादा तार, यांत हे सहज बसते.

आता पैशाचे. रोल 120 दिरहमला घेतला असे धरले तर पुस्तकात मीटरचा भाव 1.20 पडला, खरा भाव सुमारे 1.31. संपूर्ण 4,086.4 मीटर तूट म्हणून 702 या हालचालीने खर्ची टाकले, तर 4,904 दिरहमचे नुकसान दिसेल. खरे नुकसान 353 दिरहम आहे. त्यातले 83 हरवलेल्या तारेचे. बाकीचे 270 चोरीचे नाहीत. 2,400 मीटर तार मीटरवर विकताना तिचा खर्च कमी भावाने धरला गेला होता, तो आता भरून निघाला. उरलेले 4,551 दिरहम मालातच आहेत. म्हणून नग-मीटर कमी केल्यावर तेवढे मूल्य MR22 मधून साठ्यावर परत चढवावे लागते. हे न करता नुसती 702 ची नोंद करणे म्हणजे मापाची चूक तोटा म्हणून लिहिणे.

आणि सुरुवातीचा वाढावाच 701 ने नोंदवला असता तर? 24,816 दिरहमचा खोटा नफा दिसला असता. जानेवारीत 150 रोलची आवक शेवटी नोंदली जाते, तेव्हा तोच माल पुस्तकात दुसऱ्यांदा आला असता. ग्राहकाने नेलेले 60 रोलही पुस्तकात राहिले असते. पुढच्या मोजणीला प्रणालीच्या मापाने 21,000 मीटरची तूट निघाली असती, आणि ती स्टोअरकीपरच्या नावावर गेली असती. त्याने त्यात काहीही केलेले नसते. वाढावा आधी तपासायचा तो म्हणूनच: आजचा न तपासलेला वाढावा पुढच्या वर्षीची तूट असतो.

मोजणीच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

मोजणीच्या दोन रीती आहेत. वर्षअखेरीस गोदाम बंद करून सगळे मोजणे किंवा वर्षभर थोडे थोडे मोजणे, ज्यात महागडा आणि वेगाने हलणारा माल वारंवार मोजला जातो. पहिल्या रीतीत वेळेची सीमा स्वच्छ असते, पण चूक सापडेपर्यंत ती बारा महिन्यांची जुनी होते आणि कोणाला आठवत नाही. दुसरीत चूक ताजी सापडते, पण माल हलत असताना मोजणी होते, म्हणून वेळेचा फरक दर वेळी डोके वर काढतो. सॅपमध्ये MI01 करताना दोन वेगळ्या सोयी मिळतात. एकीने त्या मालाची हालचालच थांबते. दुसरीने हालचाल चालू राहते, पण त्या क्षणाचा पुस्तकी आकडा गोठवला जातो आणि तुलना त्याच्याशी होते. दुसरी निवडली आणि गोठवलेल्या क्षणानंतर माल उचलला गेला, तर मोजणाऱ्याच्या कागदावर वेळ लिहिलेली असलीच पाहिजे. नाहीतर नंतर काहीच उलगडत नाही.

मोजणीच्या कागदावर पुस्तकी आकडा नसावा. तो दिसला की माणूस नकळत तिकडे वळतो. एकक मात्र डोळ्यांना दिसते तेच लिहावे: इतके बंद रोल, लेबलवर इतके यार्ड, इतके मीटर सुटे. मीटरमध्ये बदलण्याचे काम मोजणाऱ्याकडे देऊ नये. आपल्या नमुन्यात रोल रोल म्हणूनच लिहिले होते म्हणून चूक सापडू शकली. कोणी तिथेच 50,280 लिहिले असते तर लेबलवरचा यार्ड कायमचा पुसला गेला असता.

अमिरातींमध्ये या कागदांना अलीकडे अधिक वजन आले आहे. 1 जानेवारी 2018 पासून इथे पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. जबेल अलीसारख्या करासाठी नियत केलेल्या क्षेत्रांत माल कराच्या दृष्टीने देशाबाहेर मानला जातो. तिथला माल कमी भरला आणि त्याचे कारण दाखवता आले नाही, तर तो देशात आला असे धरून कर मागितला जाऊ शकतो. 1 जून 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांवर कंपनी कर आला, त्यामुळे साठ्याची खर्ची टाकलेली तूट करपात्र नफ्यात उतरते. त्याचे कागद सात वर्षे जपावे लागतात. चार हजार मीटर तार नाहीशी झाल्याची नोंद करणारी कंपनी मापाची चूक आणि कराचा प्रश्न दोन्ही एकदम ओढवून घेते.

लेखापरीक्षकही फरक शून्य आहे का हे पाहत नाही, फरक उलगडतो का हे पाहतो. त्याच्यासमोर ठेवायचा कागद एका पानाचा असतो. वर पुस्तकी साठा, खाली प्रत्यक्ष मोजणी, मध्ये एकेक पायरी: न नोंदलेली आवक, विकलेला पण न उचललेला माल, मापाची दुरुस्ती आणि शेवटी उरलेला आकडा. प्रत्येक पायरीला डिलिव्हरी नोट, बिल किंवा लेबलचा फोटो जोडलेला. 31 तारखेच्या रात्री वीस हजार सहाशे ऐंशी मीटरचा वाढावा घेऊन बसलेल्या माणसाने हे पान भरले की शेवटच्या ओळीत 63.2 राहते, आणि स्टोअरकीपर त्याखाली निःसंकोच सही करू शकतो.